बॉक्स कोअरला चिकटतो आणि तोंडावर खळगेही पडतात: होल्डिंग प्रेशर बदलून न सुटणारी तक्रार

इंजेक्शन मोल्डिंगने काढलेलं एबीएस प्लास्टिकचं खोल झाकण, आत रिब म्हणजे आधाराच्या पातळ उभ्या पट्ट्या, बाहेरून गुळगुळीत तोंड म्हणजे समोरचा सपाट पृष्ठभाग. मशीनवर पहिले शॉट निघतात आणि दोन तक्रारी एकदमच सुरू होतात. झाकण कोअरवरून, म्हणजे मोल्डच्या आतला आकार देणाऱ्या भागावरून, सुटत नाही, इजेक्टर पिनच्या जागी पांढरे डाग पडतात. आणि समोरच्या तोंडावर, जिथे आतून रिब आहे नेमकं तिथेच, लांबट खळगा दिसतो. ऑपरेटर होल्डिंग प्रेशर, म्हणजे मोल्ड भरल्यावर प्लास्टिकवर धरून ठेवलेला दाब, वाढवतो, खळगा थोडा भरतो, पण झाकण आणखी घट्ट बसतं. प्रेशर कमी केलं की झाकण सुटतं आणि खळगे परत येतात. मग फोन होतो, मोल्डवाला मशीनवाल्याला बोल लावतो, मशीनवाला प्लास्टिकच्या दाण्याला, आणि ड्रॉइंग ज्याने केलं तो गप्प असतो.

माझं काम एन्क्लोजर डिझाइनचं आहे, फोंड्याला बसतो, आणि हीच तक्रार घेऊन वेर्णा, कुंडई, मडकई अशा वसाहतींतून लोक येत असतात. मला इतकंच सांगायचं आहे की प्रेशरच्या एका टोकाला चिकटणं आणि दुसऱ्या टोकाला खळगे येत असतील तर चूक मशीनवर शोधू नका. या दोन तक्रारींचं मूळ एकच, मॉडेलमध्ये ड्राफ्ट म्हणजे भाग सुटावा म्हणून भिंतींना दिलेला किंचित उतार, शेल म्हणजे ठोकळा आतून पोकळ करणं, आणि रिब हे कोणत्या क्रमाने केले त्यात. खाली एक प्रत्यक्ष केस मापांसकट देतो.

त्याआधी पावसाळ्यातली एक गफलत बाजूला काढू. जून ते सप्टेंबर आपल्याकडे हवा किती ओली असते ते सांगायला नको, आणि एबीएस ओलावा ओढून घेतं. दाणा नीट सुकवला नाही तर भागावर चंदेरी रेघा येतात, प्लास्टिक जिथून मोल्डमध्ये शिरतं त्या गेटपासून प्रवाहाच्या दिशेने पसरलेल्या. त्याचा इलाज हॉपर ड्रायरमध्ये ८० अंशांच्या आसपास दोन ते चार तास. पण चंदेरी रेघा वेगळ्या आणि खळगे वेगळे. रेघ हाताला लागत नाही, खळगा नखाला जाणवतो आणि ट्यूबलाइटचं प्रतिबिंब तिथे वाकतं. दाणा कितीही सुकवला तरी रिबमागचा खळगा जाणार नाही, त्यामुळे खळग्यासाठी ड्रायरवर वेळ घालवू नका.

केस: पाण्याच्या टाकीच्या कंट्रोलरचं झाकण

विहिरीवरचा पंप आणि छतावरची टाकी यांच्यामध्ये लागणारा लेव्हल कंट्रोलर. झाकणाचं तोंड १५० बाय १०० मिमी, खोली ४५ मिमी, भिंत २.५ मिमी, मटेरियल एबीएस. आत ९४ मिमी रुंद सर्किट बोर्ड, तोंडाच्या आतल्या पृष्ठभागापासून २० मिमी अंतरावर. बोर्ड टेकवायला २० मिमी उंच चार रिब. मोल्ड बेळगावात बनलेला, त्यामुळे दुरुस्ती म्हणजे प्रत्येक वेळी चोर्ला घाट चढून जाणं. म्हणून मोल्ड गाडीत घालण्याआधी नक्की काय करायचं ते ठरवायला हवं होतं.

ऑपरेटरचं वाक्य नेहमीचंच होतं, "साहेब, होल्डिंग कमी केलं तर सुटतं, पण तोंडावर दिसतं."

पहिली तपासणी अगदी साधी आहे आणि कुणीही करू शकतो. एक झाकण हॅकसॉने मधोमध कापायचं, कट रिबवरून आडवा गेला पाहिजे. कापलेली कड पॉलिश पेपरवर घासून साफ करायची आणि व्हर्निअरने तीन ठिकाणी माप घ्यायचं: भिंत उघड्या काठाशी, भिंत तोंडाशी, आणि रिबचं बूड. इथे भिंत तोंडाशी २.५ आणि काठाशी ३.३ मिमी निघाली. रिब टोकाला २.५ आणि बुडाशी ३.२. ड्रॉइंगवर दोन्हीकडे फक्त २.५ लिहिलं होतं.

ही मापं कुठून आली? डिझाइन करणाऱ्याने आधी सरळ ठोकळा काढला, शेल देऊन २.५ ची भिंत केली, रिब उभ्या केल्या, आणि सगळं संपल्यावर मोल्डवाल्याने "ड्राफ्ट द्या" म्हटलं म्हणून बाहेरच्या चार भिंतींना एक अंश ड्राफ्ट दिला. स्थिर प्रतल, म्हणजे ड्राफ्ट देताना जिथलं माप बदलत नाही ती पातळी, तोंडाचं धरलं. त्यामुळे तोंड १०० मिमीच राहिलं आणि काठ बाहेर फाकला. किती, ते काढायला एकच सूत्र पुरतं, ते पाठच असू द्या:

```
x = h * tan(a)
45 * tan(1°) = 0.785 mm
```

म्हणजे दर बाजूला पाऊण मिलिमीटरहून थोडं जास्त. आतल्या भिंतीला मात्र कुणी हात लावला नाही, ती शून्य अंशावर सरळच राहिली. मग २.५ अधिक ०.७९, भिंत काठाशी ३.२९.

आता यातली खरी गोम बघा. गरम प्लास्टिक थंड होताना आकसतं, एबीएस साधारण ०.४ ते ०.७ टक्के. आकसणारं झाकण कॅव्हिटीपासून, म्हणजे मोल्डच्या बाहेरचा आकार देणाऱ्या भागापासून, स्वतःच दूर सरकतं आणि कोअरला आवळतं. म्हणजे बाहेरच्या भिंतीला ड्राफ्ट थोडा कमी असला तरी एक वेळ चालून जाईल, पण ज्या आतल्या भिंतीला तो सगळ्यात जास्त हवा तिलाच इथे शून्य होता. ४२.५ मिमी उंच सरळ कोअर, त्यावर आवळलेलं झाकण. इजेक्टरने ढकललं तरी शेवटच्या मिलिमीटरपर्यंत घासत येणार. ड्राफ्ट असला की पहिल्या हालचालीलाच सगळीकडे फट पडते आणि हवा आत शिरते. सरळ कोअरवर हवेलाही वाट नसते, त्यामुळे पॉलिश केलेल्या खोल कोअरवर निर्वात ओढही तयार होते. कोअर आरशासारखा पॉलिश केला तर सुटेल अशी एक समजूत आहे, अशा खोल भागात ती उलटीच पडते. पॉलिशची दिशा झाकण निघण्याच्या दिशेने असणं हे चमकेपेक्षा जास्त महत्त्वाचं.

चिकटतंय कुठे हे भागावरच लिहिलेलं असतं. बाहेरच्या भिंतींवर उभे ओरखडे असतील तर कॅव्हिटी धरते आहे. आतल्या भिंतीवर ओरखडे आणि पिनच्या जागी पांढरे डाग, तर कोअर. पांढरे डाग फक्त रिबजवळच्या पिनांवर असतील आणि भिंतीजवळच्या पिना स्वच्छ असतील, तर रिबची खाच धरते आहे. या झाकणात कोअर आणि रिबची खाच दोन्ही धरत होते. रिबच्या खाचा स्पार्क मशीनवर कापलेल्या आणि तशाच सोडलेल्या होत्या. स्पार्कचा खरखरीतपणा २० मिमी खोल खाचेत म्हणजे असंख्य बारीक अडकण्या. होल्डिंग वाढवलं की प्लास्टिक त्यात आणखी घट्ट दाबलं जातं.

रिबचं बूड

खळग्यांकडे येऊ. रिब आणि भिंत मिळतात तिथे प्लास्टिकचा गोळा जमतो. तो किती मोठा हे बघायची जुनी आणि चांगली रीत म्हणजे त्या सांध्यात मावेल तेवढं मोठं वर्तुळ काढणं. वर्तुळ बाहेरच्या तोंडाला आणि रिबच्या दोन्ही बाजूंच्या गोलाईंना टेकलं पाहिजे. भिंत २.५, गोलाई ०.५ त्रिज्येची आणि रिबचं बूड ३.२ असेल तर वर्तुळाचा व्यास ३.७६ येतो, भिंतीच्या दीडपट. थंड व्हायला लागणारा वेळ जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो, म्हणून भिंत गोठते तेव्हा हा गोळा अजून मऊ असतो. त्याला भिंतीच्या सव्वादोन पट वेळ हवा. मागाहून आकसताना तो तोंडाची कातडी आत ओढतो आणि खळगा पडतो. गेट तोवर गोठलेला असेल तर होल्डिंग कितीही वाढवा, तिथपर्यंत दाब पोचतच नाही.

तेच रिबचं बूड १.४ केलं, बाकी सगळं तसंच ठेवलं, तर वर्तुळ २.९१. भिंतीपेक्षा जेमतेम सोळा टक्के जास्त. एबीएससाठी रिबचं बूड भिंतीच्या ५० ते ६० टक्के धरा असं जे सांगतात त्यामागचा हिशोब हाच. २.५ च्या भिंतीला १.२५ ते १.५. चकाकी असलेल्या गडद रंगाच्या तोंडाला मी ५० कडे झुकतो, आतल्या न दिसणाऱ्या भागाला ६० चालतं.

पण ३.२ आलं कसं, ड्रॉइंगवर तर २.५ होतं? इथे सॉफ्टवेअरचा एक खड्डा आहे आणि त्यात बरेच जण पडतात. सॉलिडवर्क्सच्या रिब कमांडमध्ये ड्राफ्ट चालू केला की जाडी कुठे मोजायची ते विचारतं: `At sketch plane` की `At wall interface`. स्केच रिबच्या टोकाला असेल आणि पहिला पर्याय राहिला असेल तर तुम्ही टाकलेली जाडी टोकाला लागते आणि ड्राफ्टने बूड फुगत जातं. एक अंश, दोन्ही बाजू, २० मिमी उंची, म्हणजे ०.७ मिमीची भर. खळगा ठरवतं ते बूड, म्हणून जाडी बुडाशीच धरायची, `At wall interface`. दुसरं सॉफ्टवेअर वापरत असाल आणि तिथे असा पर्याय नसेल, तर रिबचं स्केच बुडाच्या पातळीवर काढा आणि टोकाकडे निमुळतं होईल असं एक्स्ट्रूड करा, म्हणजे गोंधळच उरत नाही.

मग बूड १.४ ठेवून २० मिमी उंच रिब करता येईल का? एक अंशाने टोक ०.७ मिमीवर येतं. तेवढ्या बारीक खोल खाचेत हवा अडकते, टोक भरत नाही किंवा जळाल्यासारखं काळं होतं, आणि मोल्डवाला खाच पॉलिश करू शकत नाही. रिबची उंची भिंतीच्या तिप्पट, म्हणजे इथे ७.५ मिमी, यापुढे शक्यतो जाऊ नये. एवढ्या रिबचं टोक १.१४ राहतं, छान भरतं. कडकपणा कमी पडेल असं वाटलं तर उंची वाढवू नका, रिबची संख्या वाढवा आणि दोन रिबमध्ये निदान भिंतीच्या दुप्पट, म्हणजे ५ मिमी, जागा सोडा. त्याहून जवळ घेतल्या तर मधली स्टीलची पट्टी इतकी बारीक उरते की ती तापूनच राहते.

खरं तर या झाकणाला २० मिमीची रिब कडकपणासाठी नकोच होती, बोर्ड टेकवायला हवी होती. ते काम बॉसचं, म्हणजे मधे भोक असलेल्या उभ्या खांबाचं. चार बॉस, बुडाशी बाहेरून ५.५ मिमी, आतलं भोक २.५, म्हणजे बॉसची भिंत दीड मिमी, पुन्हा ६० टक्क्यांतच. भोक बुडापर्यंत न्यायचं, नाहीतर बुडाशी भरीव गोळा राहतो आणि तोंडावर गोल खळगा उमटतो. बाहेरून अर्धा अंश ड्राफ्ट, आणि बॉस भिंतीला थेट न चिकटवता जरा दूर उभा करून पातळ रिबने बांधायचा. एवढ्या उंच बॉसला स्लीव्ह इजेक्टर मागून घ्या, कारण ढकलायचं तर जिथे पकड आहे तिथेच ढकललेलं बरं.

तयार मोल्डचं काय करायचं

मोल्डमध्ये स्टील कापणं सोपं, स्टील वाढवणं कठीण. स्टील कापलं की प्लास्टिक वाढतं. म्हणजे पातळ रिब जाड करता येते, जाड रिब पातळ करायला वेल्डिंग नाहीतर नवा इन्सर्ट. या केसमध्ये समोर दोन वाटा होत्या.

स्वस्त वाट अशी: कोअरच्या भिंती तोंडाकडे एक अंशाने तासून घ्यायच्या. कोअर काठाशी ९५ मिमी रुंद आहे तसाच ठेवून वर निमुळता करायचा. मग भिंत काठापासून तोंडापर्यंत एकसारखी होते, पण ३.२९ ची. झाकण कोअरवरून सुटेल यात शंका नाही. मात्र भिंत थंड व्हायला आधीच्या २.५ पेक्षा पावणेदोन पट वेळ, दर झाकणामागे जास्त दाणा, आणि बोर्डाच्या पातळीला आतली रुंदी ९४.२ उरते. ९४ चा बोर्ड, दोन्ही बाजूंना मिळून ०.२ ची फट. पॅनेलमधून तोडलेल्या बोर्डाच्या कडेला एखादं कुसळ राहिलं तर अडकलाच. आणि मुख्य म्हणजे रिबचं बूड ३.२ चं ३.२ च. तोंडाची जाडी २.५ असल्याने खळगे जिथल्या तिथे.

दुसरी वाट म्हणजे कॅव्हिटी न हलवता कोअर इन्सर्ट नवा करायचा. बाहेरचा एक अंश ठीकच होता, त्यामुळे अर्धा मोल्ड वाचला. नव्या कोअरच्या भिंती बाहेरच्या भिंतीला समांतर, सगळीकडे २.५. बोर्डाच्या पातळीला आतली रुंदी ९५.८, म्हणजे दर बाजूला ०.९ ची मोकळीक. रिब ७.५ उंच, बूड १.४, खाचा वेगळ्या पट्ट्या बसवून बनवलेल्या, जेणेकरून पट्ट्यांच्या सांध्यातून हवा निघेल आणि पट्टी बाहेर काढून बाजू दगडाने निघण्याच्या दिशेने घासता येईल. मालकाला पहिल्यांदा खर्च ऐकून धक्का बसला. मी म्हटलं, आधी एका तासात किती झाकणं निघतात आणि किती बाजूला टाकता ते मोजा, मग बोलू. नवा कोअर बनला. आता होल्डिंगला मधली पट्टी मिळाली आहे, जिथे झाकण सुटतंही आणि तोंडही सपाट येतं. चुकीच्या भागात ही मधली पट्टी नसतेच, हीच या बिघाडाची सगळ्यात पक्की खूण.

नवा मोल्ड येईपर्यंत काम थांबवता येत नसेल तर दोन गोष्टी करता येतात. कूलिंग टाइम थोडा कमी करून बघा, झाकण कोअरवर जितकं जास्त वेळ थंड होईल तितकं आवळतं. फार कमी केलात तर पिना आत घुसतील, म्हणून अर्ध्या अर्ध्या सेकंदाने. दुसरं म्हणजे रिलीज स्प्रे, पण सिलिकॉनचा स्प्रे मारलेल्या तोंडावर स्टिकर आणि छपाई टिकत नाही. टाकीच्या कंट्रोलरचं लेबल महिन्याभरात सोलून आलं तर ग्राहक तुम्हालाच विचारणार.

नवीन मॉडेल करताना क्रम

ठोकळा, मग ड्राफ्ट, मग बाहेरच्या कडांची गोलाई, मग शेल, आणि सगळ्यात शेवटी रिब नि बॉस, प्रत्येकाला स्वतःचा ड्राफ्ट देऊन. ड्राफ्ट शेलच्या आधी दिला की शेल आतली भिंत आपोआप समांतर काढतं, जाडी सगळीकडे सारखी येते आणि कोअरला ड्राफ्ट फुकट मिळतो. वरच्या केसमधला निम्मा त्रास एवढ्याने टळला असता. गोलाई शेलच्या आधी द्यायची ती अशासाठी की आतला कोपराही गोल यावा. बाहेर ४ मिमी असेल तर २.५ च्या शेलनंतर आत १.५ उरते. बाहेर २ च ठेवली तर आतला कोपरा धारदार येतो, आणि एबीएसला तडा जायला तो आवडीचा कोपरा.

स्थिर प्रतल कुठे धरलं ते मात्र डोळ्यांत तेल घालून बघा. खालच्या ट्रेशी जुळायचं असतं म्हणून मी ते बहुतेक वेळा काठाला, पार्टिंग लाइनवर ठेवतो. पण मग झाकण तोंडाकडे आत निमुळतं होतं आणि बोर्डाची जागा खातं. हेच झाकण काठाला १०० मिमी धरून दीड अंशाने केलं असतं तर बोर्डाच्या पातळीला आत ९३.८ उरले असते. ९४ चा बोर्ड गेलाच नसता, आणि स्क्रीनवर मध्यातून छेद घेतल्याशिवाय हे कळतही नाही. त्यामुळे ड्राफ्ट पक्का झाल्यावरच बोर्डवाल्याला रुंदी कळवा, आधी नाही.

टेक्स्चर हवं असेल तर तेही आधीच विचारून घ्या. ०.०२५ मिमी खोलीच्या टेक्स्चरमागे साधारण एक ते दीड अंश जादा ड्राफ्ट लागतो, तोही मूळच्या एक अंशावर. ४५ मिमी खोल भिंतीला अडीच अंश म्हणजे दर बाजूला जवळजवळ दोन मिलिमीटर. मोल्ड बनल्यावर "जरा मॅट लुक देऊ या" असं कुणी म्हणालं तर मी सरळ नाही म्हणतो, किंवा फक्त सपाट तोंडाला द्या म्हणतो, भिंतींना नको. तोंड तर उघडण्याच्या दिशेला आडवंच असतं, तिथे टेक्स्चरची काही अडचण नाही, उलट उरलासुरला खळगा झाकला जातो.

फाइल मोल्डवाल्याकडे पाठवण्याआधी `Draft Analysis` चालवा. निघण्याची दिशा द्या, कोन एक अंश ठेवा, आणि पिवळं काय काय दिसतं ते बघा. रिब आणि बॉस अर्ध्या अंशावर असतील तर ते पिवळे दिसणारच, ते मुद्दाम ठेवलेत का एवढं तपासायचं. बाहेरची भिंत, आतली भिंत, किंवा काठाची जीभ पिवळी असेल तर मागे जा. बाजूच्या भिंतीतलं केबलचं भोक मात्र ड्राफ्टने सुटणारं प्रकरण नाही, त्याला साइड कोअर लागतो. ते टाळायचं तर भोक काठापर्यंत उघडं, इंग्रजी यू अक्षरासारखं करा, अर्धं झाकणात आणि उरलेलं ट्रेमध्ये.